आजी राहायला आल्यावर फ्लॅटमधल्या भाषेची चिठ्ठी पुन्हा पुन्हा का फसते, आणि ती कशी दुरुस्त करायची

तक्रार साधारण अशी असते. फ्लॅटमध्ये तिघंचौघं राहतात. एकमेकांशी बोलताना वाक्यागणिक शिवी असते आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. मग एकाची आजी काही दिवसांसाठी येते आणि फ्रिजवर चिठ्ठी लागते. पहिले दोन दिवस घर चिडीचूप. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलून दाखवतं, आणि त्यानंतर सगळं पूर्ववत. वर चिठ्ठी लिहिणाऱ्याशी बाकीचे फटकून वागायला लागतात ते वेगळंच. आजी पुढच्या खेपेला आली की पुन्हा हेच चक्र.

अशा बऱ्याच चिठ्ठ्या माझ्या वाचनात आल्या आहेत, काही लिहून द्यायलाही मदत केली आहे. माझं ठाम मत असं झालंय की दोष बहुतेक वेळा फ्लॅटमधल्या लोकांच्या हेतूत नसतो. चिठ्ठी चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवते, चुकीच्या वेळी लागते आणि चुकीच्या जागी लागते. खाली एका फ्लॅटचं उदाहरण घेऊन हे उलगडून सांगते. तिथे तिघी राहतात, मी त्यांना नात, गेमवाली आणि तिसरी म्हणेन.

आधी तक्रार नेमकी कुणाची आहे ते बघा

या फ्लॅटमध्ये आजी डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी राहायला आली होती. तिची झोपायची सोय नातीच्या खोलीत केली होती. त्या खोलीची भिंत हॉलला लागून. गेमवाली रात्री हॉलमध्ये हेडफोन लावून ऑनलाइन गेम खेळते आणि टीममधल्यांवर जोरजोरात ओरडते. एका रात्री आजी उठून बसली आणि घाबरून विचारायला लागली, "अगं, काय झालं? कुणाचं भांडण चाललंय?" नातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि सकाळी फ्रिजवर ही चिठ्ठी लागली:

"सर्वांना नम्र विनंती. घरात वडीलधारी व्यक्ती आहे याचे भान ठेवून प्रत्येकीने आपली भाषा जपून वापरावी. शिवीगाळ करणे मुलींच्या तोंडी शोभत नाही. कृपया सहकार्य करावे."

आता आजीचं वाक्य पुन्हा वाचा. तिने "शिव्या का देतात?" असं विचारलं नव्हतं. तिला भांडण झाल्यासारखं वाटलं होतं. शिवीचा त्रास नातीला झाला होता. आजीला त्रास झाला तो आवाजाचा. चिठ्ठीत मात्र आवाजाचा उल्लेखच नाही, सगळा रोख शब्दांवर. त्यामुळे गेमवालीने दोन रात्री शिव्या गिळल्या, ओरडणं तेवढंच राहिलं, आजीची झोपमोड तेवढीच राहिली आणि सगळ्यांना वाटलं की चिठ्ठीचा काही उपयोग नाही.

हे फार वेळा घडतं, आणि त्यामागे कारण आहे. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं ओळखायला हेच ध्वनी लागतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत असल्यामुळे ते बराच काळ नीट ऐकू येतात. म्हणजे शब्द अस्पष्ट होतो, पण बोलणारा चिडलाय, ओरडतोय, हे पोचतं. मध्ये भिंत असली तर ही गोष्ट आणखी वाढते, कारण भिंतही वरच्या पट्टीचा आवाज जास्त अडवते आणि खालच्या पट्टीचा आवाज जास्त पलीकडे सोडते. त्यात पुन्हा श्रवणशक्ती कमी झालेल्या बऱ्याच जणांना हळू आवाज ऐकूच येत नाही, पण आवाज थोडा वाढला की एकदम असह्य होतो. भिंतीपलीकडच्या आजीपर्यंत काय पोचत असेल याचा अंदाज यावरून करा: शब्द नाहीत, फक्त कुणीतरी संतापाने ओरडतंय.

म्हणून चिठ्ठी लिहायच्या आधी आजीलाच विचारा. "आजी, तुला या मुलींचं बोलणं खटकतं का?" असं विचारलंत तर ती "छे गं, तरुण पोरी आहेत" म्हणेल आणि विषय संपेल. त्याऐवजी "रात्री झोप लागते का? कशाने जाग येते?" असं विचारा. दुसरा प्रश्न असा: "आमचं आपापसांतलं बोलणं तुला कळतं का, की नुसता गलका वाटतो?" उत्तरातून तीनपैकी एक गोष्ट बाहेर येते. आवाजाने दचकते, किंवा काही ठराविक शब्द खरोखर लागतात, किंवा तिला काहीच वाटत नाही आणि कानकोंडं होतंय ते फक्त तुम्हाला. तिसऱ्या प्रकारात आजीच्या नावाने चिठ्ठी लिहू नका. स्वतःच्या नावाने लिहा. "तिच्यासमोर मला अवघडल्यासारखं होतं" हे वाक्य खरं असेल तर मैत्रिणीला ते पुरतं. आजीला ढाल करून पुढे केलेली चिठ्ठी मात्र पहिल्या दिवशीच उघडी पडते, कारण आजी स्वतः हॉलमध्ये येऊन गेमवालीला "काय गं मेले, जिंकलीस की हरलीस?" असं विचारत असते.

या फ्लॅटमध्ये आजीचं उत्तर दुहेरी निघालं. रात्रीच्या आवाजाने ती दचकत होती. शब्दांपैकी बाकी कशाचं तिला काही नव्हतं, पण समोरासमोर आईवरून दिलेली शिवी तिला लागत होती. "च्यायला" चालत होतं. ते ती स्वतःही म्हणते. ही सीमा नातीला विचारल्याशिवाय कळली नसती, आणि "भाषा जपून" या दोन शब्दांत तर ती कुणालाच कळणार नव्हती.

चिठ्ठीतलं नेमकं काय बोचतं

नातीची चिठ्ठी उद्धट नाही. "नम्र", "कृपया", "सहकार्य" सगळं आहे. तरीही तिच्याखाली दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेनाने "जशी आपली आज्ञा" असं लिहून ठेवलं. असं का झालं ते वाक्यावाक्याने बघू.

"सर्वांना" हा शब्द लिहिताना नातीला वाटलं की कुणा एकीवर बोट नको, म्हणून मोघम लिहावं. पण तिघींच्या घरात लिहिणारी सोडली तर उरतात दोघी, आणि आदल्या रात्री कोण ओरडलं हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी "सर्वांना" म्हणजे तोंडावर न सांगता सांगणं. तिसरीला उगाच आपल्यालाही ऐकवल्यासारखं वाटलं आणि गेमवालीला वाटलं की हिला सरळ माझ्याशी बोलायचीही इच्छा नाही. एकाच नोटीसमध्ये दोघी दुखावल्या.

"वापरावी", "ठेवून", "करावे" हा सूर सोसायटीच्या सूचनाफलकाचा आहे. एरवी एकमेकींना "ए" म्हणून हाक मारणारी मुलगी अचानक या सुरात लिहिते तेव्हा वाचणाऱ्याला पहिली जाणीव होते ती अंतराची. तुम्ही रोज जसं बोलता तसंच लिहा. "वापरावी" नको, "टाळशील का" लिहा. प्रश्न विचारला की नाही म्हणायला जागा उरते, आणि जागा उरली की माणूस बहुधा हो म्हणतो. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलेली कल्पना इथे तंतोतंत लागू पडते: आपलं एखादं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकं तेच करायला ओढला जातो, मग एरवी त्याला त्या गोष्टीची फारशी पर्वा नसली तरीही. तिसऱ्या दिवशीचं ते पुस्तकी मराठी यातूनच येतं.

पण सगळ्यात मोठं नुकसान केलं ते "मुलींच्या तोंडी शोभत नाही" या वाक्याने. तोवरचं सगळं चालून गेलं असतं. या वाक्याने विनंती संपली आणि निवाडा सुरू झाला. गेमवाली नंतर म्हणाली, "आजीसाठी मी पंधरा दिवस गेम बंद केला असता. पण मी कशी मुलगी आहे हे फ्रिजवर लिहायचं?" तिचं बरोबर आहे. चिठ्ठीत संस्कार, शोभणं, वळण, शिक्षण यांपैकी काहीही आलं की वाचणारी व्यक्ती आपला बचाव करायला लागते आणि आजी बाजूला राहते. चिठ्ठी लिहून झाल्यावर एक चाचणी करा. प्रत्येक वाक्याला विचारा, हे वाक्य समोरची व्यक्ती कशी आहे ते सांगतंय, की आपल्या घरात काय घडतंय ते सांगतंय? पहिल्या प्रकारचं प्रत्येक वाक्य खोडा. एकही ठेवू नका, कौतुकाच्या वेष्टनात गुंडाळलेलंसुद्धा. "तू इतकी समजूतदार आहेस, तुला वेगळं काय सांगायचं" हाही निवाडाच आहे.

शेवटची उणीव म्हणजे मुदत नाही. ही चिठ्ठी आजी जाईपर्यंतची आहे की कायमची, हे कुठेच लिहिलेलं नाही. मुदत नसलेली विनंती वाचणाऱ्याला घराचा नवा नियम वाटते, आणि नवा नियम एकटीने कसा काय लावला हा प्रश्न लगेच उभा राहतो.

जागा आणि वेळ

फ्रिजवर चिठ्ठी लावली तर ती आजीही वाचते. हे कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्या दृष्टीने त्या कागदाचा अर्थ एवढाच: माझ्यामुळे या पोरींना आपल्याच घरात तोंड आवरून राहावं लागतंय. काही आज्या त्यानंतर खोलीतून बाहेर यायचंच कमी करतात. काही ठरल्यापेक्षा लवकर परत जायचं काढतात. आजीसंबंधीची चिठ्ठी आजीच्या नजरेला पडेल अशा ठिकाणी कधीही लावू नये. तिघींच्या ग्रुपवर मेसेज टाका, किंवा कागदावरच लिहायचं असेल तर जिच्यासाठी आहे तिच्या हातात द्या.

वेळेबद्दल एकच सांगते. चिठ्ठी प्रसंगानंतरच्या सकाळी लिहिली की ती शिक्षा वाटते, मजकूर कितीही गोड असला तरी. आजी यायच्या दोनतीन दिवस आधी लिहिली तर तोच मजकूर माहिती वाटतो. आजी आधीच आलेली असेल आणि प्रसंगही घडून गेला असेल तर त्या दिवशी लिहू नका. एक दिवस जाऊ द्या, तोवर आजीला दुसरीकडे झोपवता येतं का बघा, आणि मग ज्या एकीशी संबंध आहे तिच्याशी तोंडी बोला. चिठ्ठी नंतर, ठरलेलं लक्षात राहावं म्हणून.

मागायचं काय

शिव्या बंद करा, ही मागणी कुणालाच पाळता येत नाही, कारण सगळ्या शिव्या एकाच ठिकाणाहून येत नाहीत. पाय कॉटला आपटल्यावर निघते ती शिवी जवळपास प्रतिक्षिप्त असते. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेलेली असते अशा काही रुग्णांच्या तोंडून साधं वाक्य निघत नाही, पण शिवी मात्र सहज निघते, इतकी ती ठरवून बोलण्याच्या यंत्रणेबाहेर असू शकते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरून बसलेले लोक शिवी देत असताना जास्त वेळ तग धरू शकले होते. तेव्हा कळ आल्यावर निघालेली शिवी सोडून द्या, त्यावर बोलूच नका.

दुसरा प्रकार पालुपदाचा. "अबे", "साला" यांसारखे शब्द वाक्यात मोकळी जागा भरायला येतात. बोलणाऱ्याला ते आपण म्हटलेत हेच कळत नाही, त्यामुळे "म्हणू नकोस" हे सांगून उपयोग नसतो. ते आजीला लागत नसतील तर यादीतून काढून टाका. लागत असतील तर पूर्ण बंदी मागू नका, जागा मागा: आजी ज्या खोलीत आहे तिथे नको, स्वयंपाकघरात दोघीच असलो तर चालेल. सवय एखाद्या खुणेला बांधलेली असते आणि खोलीचं दार ही दिसणारी खूण आहे. "भान ठेवा" ही दिसणारी खूण नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ठरवून, रंगात येऊन दिलेली शिवी. यावर माणसाचा ताबा असतो, आणि आजीला लागणाऱ्या बहुतेक शिव्या याच प्रकारातल्या असतात. मागणी फक्त इथे करा, आणि तीही नाव घेऊन. "आईवरच्या" असं स्पष्ट लिहायला लाजू नका. मोघम लिहिलं की दुसरीने अंदाज करायचा, आणि अंदाज चुकला की पुन्हा तुम्हीच नाराज होणार.

बदली शब्द मात्र सुचवू नका. "त्याऐवजी 'अरे देवा' म्हण" असं लिहिलंत की चिठ्ठी पुन्हा शाळेत जाते. बदली शब्द ज्याचा त्याने शोधायचा. गेमवालीने स्वतःच एक निरर्थक दोन अक्षरी शब्द काढला, आपटून म्हणता येईल असा, आणि तो तिला पुरला.

रात्रीचं ओरडणं: इथे शब्दांचा इलाज चालत नाही

गेमवालीला आपण ओरडतोय हे खरोखर माहीत नव्हतं. "मी नॉर्मल बोलत होते" असं ती म्हणाली तेव्हा नातीला ते खोटं वाटलं. ते खरं होतं. कानात आवाज भरलेला असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने 1911 मध्ये हे दाखवून दिलं होतं आणि आजही त्याला लोंबार परिणामच म्हणतात. त्यात कान पूर्ण झाकणारे हेडफोन असले की स्वतःचा आवाजही दबून येतो, म्हणून माणूस आणखी चढ्या आवाजात बोलतो. गेमवालीला "हळू बोल" म्हणून सांगितलं तर ती पाच मिनिटं हळू बोलेल, मग स्फोटांचा आवाज वाढला की पुन्हा वर जाईल. यात तिचा हट्ट कुठेच नाही.

उपाय यंत्राचा आहे. सगळ्यात सोपा म्हणजे हेडफोनचा एक कप कानामागे सरकवायचा. उघड्या कानाने स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि पट्टी आपोआप खाली येते. दुसरा उपाय म्हणजे गेमचा आवाज उतरवून टीमच्या बोलण्याचा आवाज तेवढाच ठेवायचा, म्हणजे स्फोटांवर मात करून बोलावं लागत नाही. तिसरा, आणि मला सगळ्यात आवडलेला, म्हणजे हेडसेटच्या ॲपमधला `Sidetone` किंवा `Mic Monitoring` नावाचा पर्याय. तो चालू केला की आपलाच आवाज हेडफोनमध्ये आपल्याला ऐकू येतो. सगळ्या हेडसेटमध्ये हा पर्याय नसतो. नसेल तर विंडोजमध्ये माइकच्या सेटिंगमध्ये `Listen to this device` अशी खूण करता येते, पण त्यात आपला आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि बोलताना अडखळायला होतं, त्यामुळे बहुतेक जण ते लगेच बंद करतात. त्यापेक्षा कप सरकवणं बरं.

एका गोष्टीने फसू नका. माइकवर आवाज गाळण्याची सोय किंवा बटण दाबल्यावरच माइक चालू होण्याची सोय असते, तिचा फायदा फक्त पलीकडच्या टीमला होतो. खोलीतला आवाज तेवढाच राहतो.

उपाय लागू पडला का ते कळायला आजीच्या खोलीत दार लावून दोन मिनिटं उभं राहा आणि गेमवालीला नेहमीसारखं खेळू द्या. शब्द ओळखू येतात का याकडे लक्ष देऊ नका. अचानक चढणारा आवाज येतो का, तेवढंच ऐका.

दुरुस्त केलेली चिठ्ठी

आजी पुढच्या तपासणीला पुन्हा येणार होती. त्या वेळी नातीने आधीच ग्रुपवर हे टाकलं:

"आजी शुक्रवारी येतेय, पुढच्या रविवारी सकाळी जाणार. माझ्या खोलीतच झोपेल. मागच्या वेळी रात्री हॉलमधला आवाज एकदम चढला की तिला भांडण चाललंय असं वाटायचं आणि ती उठून बसायची. तर रात्री दहानंतर गेम असेल तेव्हा एक कान उघडा ठेवून खेळशील का? आणि ती समोर असताना आईवरच्या तेवढ्या टाळूया, त्या तिला लागतात. बाकी नेहमीसारखं बोला, च्यायला तर तीच म्हणते. चुकून काही निघालं तर थांबू नका, सॉरी नको, पुढे बोलत राहा. मी तिलाही सांगून ठेवलंय की ही खेळताना ओरडते, भांडत नसते. दहाची वेळ अडचणीची असेल तर सांग, दुसरं काही बघू."

यात काय बदललं ते बघा. येण्याजाण्याचे दिवस आहेत, म्हणजे मुदत आहे. कारण एका घडलेल्या गोष्टीचं आहे, मूल्यांचं नाही. मागण्या दोनच आहेत आणि दोन्ही करून झाल्या की झाल्याचं कळतं. "खेळशील का" हे एकीला उद्देशून आहे हे लपवलेलं नाही. "टाळूया" मात्र तिघींसाठी आहे, आणि ते खरं आहे, कारण नात स्वतःही त्या शिव्या देते. स्वतः देत नसाल तर "टाळूया" लिहू नका, ते खोटं सामीलपण लगेच ओळखू येतं. "टाळाल का" लिहा.

मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटतं ते आजीला सांगून ठेवल्याचं. जुळवून घेण्याचं सगळं ओझं फ्लॅटमधल्यांवर टाकलेलं नाही, थोडं आजीकडेही गेलं आहे, आणि आज्या हे सहज घेतात. पण ते वाक्य लिहायचं असेल तर आधी खरोखर सांगा.

"सॉरी नको" हेही उगाच नाही. आजीसमोर शिवी निघाल्यावर जीभ चावणं, "अय्या, आजी, सॉरी सॉरी" करणं, दुसरीने डोळे वटारणं, यातून जो शब्द आजीने कदाचित ऐकलाही नव्हता त्याच्याकडे तिचं लक्ष जातं. मग ती "काय म्हणाली गं ही?" असं विचारते आणि खरी पंचाईत तिथे होते. बोलणं न थांबवता पुढे गेलं की प्रसंग तिथेच विरतो. त्याच कारणाने आजीसमोर एकमेकींना टोकायचं नाही. सांगायचंच असेल तर नंतर, एकटीला, एका वाक्यात.

दंडाचा डबा ठेवायची कल्पना कुणीतरी काढतंच. मी ठेवू नका म्हणेन. त्यात शिवी दिली की पैसे टाकायचे असतात, म्हणजे कुणीतरी मोजणारं लागतं, आणि घरात एकदा कुणी मोजायला बसलं की सूर पुन्हा पहिल्या चिठ्ठीवर येतो.

चौथ्या दिवशी पुन्हा सुरू झालं तर

हे होणारच असं धरून चाला. पाहुणी नवी असते तोवर तिचं असणं हीच खूण असते. तीनचार दिवसांत ती घरातली होते आणि खूण पुसली जाते. लोक विसरतात, त्यांनी ठरवून मोडलेलं नसतं. अशा वेळी पुन्हा आठवण करून दिली तर ती बोचते. त्याऐवजी परिणाम सांगा. नातीने सोमवारी एवढंच टाकलं होतं: "काल आजी सकाळपर्यंत सलग झोपली. कान उघडा ठेवल्याचा उपयोग होतोय." यात मागणी नाही, पण ठरलेलं पुन्हा डोळ्यांसमोर येतं. हे खोटं मात्र सांगू नका. झोप लागलीच नसेल तर तेच सांगा, आणि तो उपाय बदला.

एक वेगळी शक्यताही तपासा. आजी खोलीत आली की नेमकं तेव्हाच कुणाची भाषा जास्त बिघडत असेल, किंवा भाषा सुधारली पण दारं आपटायला लागली असतील, तर प्रश्न भाषेचा नाही. बहुतेक वेळा आजीला बोलावण्याआधी त्या व्यक्तीला विचारलेलं नसतं, किंवा सकाळी बाथरूमची वेळ हुकत असते, आणि तक्रार करायला तोंड नाही म्हणून ती अशी बाहेर पडते. तिथे चिठ्ठी कितीही चांगली लिहा, फसेल. "आजीच्या राहण्याने तुझं काही अडतंय का?" असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. या फ्लॅटमधल्या तिसरीचं असंच निघालं. ती ऑफिसचे फोन पूर्वी हॉलमध्ये घ्यायची, आजी हॉलमध्ये बसायला लागल्यावर तिला जागाच उरली नव्हती आणि ती फोनवर चिडचिड करत होती. दुपारी दोन तास नातीची खोली तिला दिली आणि तो आवाज बंद झाला. त्यासाठी भाषेबद्दल एक अक्षरही बोलावं लागलं नाही.

आणि कुणी आजीलाच उद्देशून वाईट बोलत असेल, किंवा फोनवरची भांडणं धमक्यांपर्यंत जात असतील, तर चिठ्ठीच्या नादी लागू नका. ते समोर बसून, त्याच दिवशी, स्पष्ट बोलायचं काम आहे.

मुक्काम वाढला तर पहिली मुदत संपायच्या आधी नवी तारीख कळवा आणि पुन्हा विचारा, गृहीत धरू नका. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितल्यावर नातीने असं लिहिलं होतं: "आजी रविवारऐवजी बुधवारी जाईल. रात्रीचं तसंच तीन दिवस जमेल का, की एखाद्या रात्री तुला मोकळं खेळायचंय? तसं असेल तर त्या रात्री मी आजीला घेऊन आतल्या खोलीत झोपते." गेमवालीने मंगळवारची रात्र मागून घेतली.